प्रदर्शनातली खाऊगल्ली रोज संध्याकाळी तुंबते: कारण कसं शोधायचं आणि मांडणी कशी बदलायची

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. बचत गटांचं प्रदर्शन किंवा खाद्य महोत्सव, शाळेचं नाहीतर पालिकेचं मैदान, साठ-सत्तर स्टॉल, त्यातले दहा-बारा खाण्याचे. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चालतं. साडेसहानंतर खाण्याच्या गल्लीत माणूस शिरतो तो बाहेर पडत नाही. समोरच्या साड्या-गोधड्यांच्या स्टॉलवाल्या बायका ‘आमच्यापर्यंत गिऱ्हाईकच पोचत नाही’ म्हणून वैतागतात आणि त्याच वेळी दोन्ही कडेच्या गल्ल्या रिकाम्या असतात. आयोजक दोन स्वयंसेवक शिट्ट्या देऊन उभे करतात. त्याने आवाज वाढतो, गर्दी तशीच राहते.

याचं कारण ‘लोक फार आले’ हे क्वचितच असतं. खाण्याच्या स्टॉलसमोर तीन वेगवेगळ्या कामांसाठी थांबलेली माणसं एकाच जागेत उभी असतात, आणि नकाशा काढताना त्यातली फार तर एक मोजलेली असते.

आधी पाहा: उभं कोण आहे?

सव्वासात-साडेसातला सगळ्यात अडलेल्या स्टॉलच्या बाजूला खुर्चीवर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. समोरच्या माणसांचे गट पाडता येतात. पहिला गट पैसे द्यायला रांगेत आहे. दुसऱ्याने पैसे दिलेत, टोकन हातात आहे आणि तो पदार्थाची वाट बघतोय. तिसऱ्याच्या हातात द्रोण किंवा पत्रावळ आहे आणि तो तिथेच उभा राहून खातोय. काही स्टॉलवर चौथाही गट असतो, नुसता बघणाऱ्यांचा.

आयोजकांचं लक्ष पहिल्या गटाकडे असतं, म्हणून ते रांगेला दोऱ्या बांधतात. पण रांगेतला माणूस पाच मिनिटांत पुढे सरकतो, आणि खाणारा दहा-बारा मिनिटं हलत नाही. एखाद्या जागेत किती माणसं साठणार याचा हिशेब साधा आहे: मिनिटाला किती येतात, गुणिले प्रत्येक जण किती मिनिटं थांबतो. थालीपिठाच्या स्टॉलवर मिनिटाला एक ऑर्डर जाते असं धरा. रांगेत ५ मिनिटं, टोकन घेऊन ७ मिनिटं, खायला १२ मिनिटं, म्हणजे एकूण २४ मिनिटं. कुठल्याही क्षणी २४ ऑर्डरींची माणसं तिथे असणार. आपल्याकडे एका ऑर्डरमागे एकच माणूस नसतो. आई रांगेत, बाबा मुलाला कडेवर घेऊन बाजूला उभे, असं तिघांचं कुटुंब धरलं तर ७२ माणसं झाली. स्टॉलचं तोंड मात्र दहा फुटांचं.

या ७२ पैकी रांगेच्या वाट्याला १५ येतात, टोकनवाले २१ आणि खाणारे ३६. रांग कितीही सरळ केली तरी १५ माणसांचाच प्रश्न सुटतो. म्हणूनच दोऱ्या लावूनही गल्ली तुंबलेलीच राहते.

आता मिनिटं मोजा. टोकन हातात पडल्यापासून पदार्थ मिळेपर्यंतचा वेळ साडेसहाला ५ मिनिटं होता आणि साडेसातला १५ झाला असेल, तर अडचण मांडणीची नाही, तव्याची आहे. थालीपीठ तव्यावर साधारण चार-पाच मिनिटं घेतं. चार तव्यांवर मिनिटाला एकाच्या आसपास निघतं, त्यापुढे नाही. ऑर्डरी मिनिटाला दीड येत असतील तर अर्ध्या तासात १५ ऑर्डरी तुंबणार, आणि पुढच्या अर्ध्या तासात आणखी १५. अशा स्टॉलला मैदानातली सगळ्यात प्रशस्त जागा दिली तरी तीही भरेल. तिथे तवे वाढवावे लागतात, किंवा सात ते नऊ या वेळात पाटी छोटी करावी लागते: थालीपीठ आणि झुणका-भाकर एवढंच, बाकीचे पदार्थ दुपारी. पदार्थ कमी केले की तवा एकाच कामाला लागतो आणि हात भराभर चालतात. गटातल्या बायका याला आधी नाही म्हणतात. पण टोकन घेऊन कंटाळलेले किती जण पैसे परत मागतात हे त्यांनाही माहीत असतं.

बघ्यांचा स्टॉल

खापरावरच्या मांड्यांचा स्टॉल वेगळा हाताळावा लागतो. तिथली गर्दी खाणाऱ्यांची कमी आणि बघणाऱ्यांची जास्त असते. बाई पुरण भरलेला गोळा हातावर घेते, दोन्ही मनगटांवर फिरवत फिरवत रुमालासारखा पातळ करते आणि उपड्या तापलेल्या खापरावर अलगद सोडते. हे बघायला प्रत्येक जण थांबतो आणि मोबाईल वर करतो. बघ्यांचं अर्धं कडं आपोआप तयार होतं, आणि चूल स्टॉलच्या पुढच्या कडेला मांडलेली असेल तर ते कडं थेट गल्लीत येतं.

पुढच्या कडेला चूल मांडण्यामागे ‘लोकांना दिसावं’ हाच हेतू असतो, आणि तो चुकीचा नाही. पण दिसायला चूल पुढे लागत नाही, समोर मोकळी जागा लागते. अशा स्टॉलला दहा बाय वीसचा दुहेरी गाळा द्या, खोली वीस फूट. चूल मागच्या दहा फुटांत, पुढचे दहा फूट रिकामे, आणि चुलीपासून चार फुटांवर कंबरेएवढ्या उंचीचा आडवा बांबू. बघे आत उभे राहतात, गल्ली मोकळी राहते, आणि लहान मुलं जाळापासून लांब राहतात. पैसे घ्यायचं टेबल मात्र या रिकाम्या जागेत ठेवू नका. ते बाजूला ठेवा, नाहीतर घेणाऱ्याला बघ्यांमधून वाट काढावी लागते.

सावजी रस्सा किंवा मालवणी कोंबडी-वडे यांच्याकडे बघे नसतात. तिथे खाणारेच जास्त वेळ घेतात, कारण ताट हातात धरून उभ्याने खाता येत नाही आणि हात धुवायला पाणी लागतं. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन गाजलेल्या स्टॉलची दुखणी वेगळी असतात. दोघांना एकच उपाय लावला तर एक बरा होतो आणि दुसरा तसाच राहतो.

एक मैदान, आधीची मांडणी

लांबी २१० फूट, रुंदी १०० फूट असं मैदान घेऊ. दार पश्चिमेच्या छोट्या बाजूला, मधोमध. दारापाशी ३० फूट मोकळे. पूर्वेच्या टोकाला ५० फूट जागा सामानाचे टेम्पो आणि जनरेटर यांना दिलेली. मधल्या १३० फुटांत सहा ओळी: एक उत्तरेच्या भिंतीला, एक दक्षिणेच्या भिंतीला, आणि मध्ये पाठीला पाठ लावलेल्या दोन जोड्या. प्रत्येक ओळीत दहा बाय दहाचे १२ स्टॉल, सहाव्यानंतर दहा फुटांचा आडवा रस्ता. एकूण ७२ स्टॉल. गल्ल्या तीन, प्रत्येकी साधारण १३ फुटांची.

खाण्याचे १२ स्टॉल मधल्या गल्लीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, सहा इकडे आणि सहा तिकडे, समोरासमोर. ‘खाऊगल्ली’ ही कल्पना अशीच कागदावर येते.

बारांपैकी चार गाजलेले, मिनिटाला एक ऑर्डर घेणारे. चार मध्यम, त्याच्या निम्मे. उरलेले चार सोलकढी, खरवस, आवळा सरबत असे, घेतलं आणि चालू पडलो या प्रकारचे. वरच्या हिशेबाने गाजलेल्या चार स्टॉलची ७२ गुणिले ४, म्हणजे २८८ माणसं. मध्यम चारची ३६ गुणिले ४, म्हणजे १४४. मिळून ४३२. त्यांना जागा किती? ६० फूट लांब आणि १३ फूट रुंद गल्ली, म्हणजे ७८० चौरस फूट. माणशी दोन फूटही नाही. मीटरमध्ये सांगायचं तर चौरस मीटरला जवळजवळ सहा माणसं होतात. एवढ्या दाटीत माणूस स्वतःच्या मर्जीने पाऊलही टाकू शकत नाही. हातात गरम रस्सा असताना तर नाहीच. प्रत्यक्षात एवढी माणसं तिथे मावत नाहीत, ती गल्लीच्या दोन्ही तोंडांशी साठतात आणि आडवा रस्ताही बंद पडतो. मग कडेच्या गल्ल्या रिकाम्या का, याचंही उत्तर इथेच आहे: दारातून सगळे सरळ मधल्या गल्लीत शिरतात आणि तिथून तिकडे जायची वाट याच गर्दीतून जाते.

बदललेली मांडणी

पूर्वेचे ५० फूट परत घ्या. टेम्पोंना सकाळी नऊच्या आत माल उतरवून बाहेर जायला सांगा, जनरेटर भिंतीबाहेर न्या. मधल्या दोन ओळींतले पूर्वेकडचे शेवटचे चार-चार स्टॉल काढा. त्यामुळे मध्ये ४० फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौक तयार होतो आणि तो पूर्वेच्या मोकळ्या पट्ट्याला जोडला जातो. ओळींमध्ये ६४ जागा उरतात. त्यात ६० वस्तूंचे स्टॉल आणि चार सोलकढी-खरवसवाले बसतात.

गाजलेले चार स्टॉल पूर्वेच्या भिंतीला, पश्चिमेकडे तोंड करून, प्रत्येक दोनमध्ये दहा फूट रिकामे सोडून. उत्तरेच्या कोपऱ्यात पाच फूट सोडा, चार स्टॉल आणि मधल्या तीन फटी मिळून ७० फूट, पुढे दहा फूट मोकळे आणि शेवटी १५ फुटांचं दुसरं दार. बरोबर १०० फूट भरतात. मांड्यांचा स्टॉल या चारांत असेल तर त्याची जास्तीची दहा फूट खोली पट्ट्यातून घ्यावी लागेल, तेवढं मोकळं अंगण कमी होईल. मध्यम चारपैकी दोन उत्तरेच्या भिंतीला, दोन दक्षिणेच्या. शेगडी असलेल्या सगळ्या स्टॉलमागे भिंतीपर्यंत चार फूट सोडा. तिथे कनातीबाहेर १९ किलोचे सिलिंडर उभे राहतील आणि भांडी घासणाऱ्या बायकांना ये-जा करता येईल. घरगुती लाल सिलिंडर दिसला तर पहिल्याच दिवशी परत पाठवा.

दोन स्टॉलमधली दहा फुटांची फट मंडपवाल्याला वाया गेलेली वाटते आणि आयोजकाला त्यात आणखी एक स्टॉल दिसतो. ती द्यायची नाही. तिचं काम ठरलेलं आहे: पैशाचं टेबल स्टॉलच्या एका बाजूला, या फटीच्या तोंडाशी लावा, म्हणजे रांग फटीत आत जाते, समोरच्या अंगणात येत नाही. पदार्थ मात्र स्टॉलच्या समोरच्या तोंडातून, दुसऱ्या टोकाला. पैसे आणि पदार्थ एकाच टेबलावरून दिले तर रांगेतला आणि टोकनवाला एकमेकांच्या पुढे हात घालतात, आणि कुणाचं काय ते कळेनासं होतं.

आता जागेचा हिशेब. पट्ट्यातली मोकळी जागा ३६ बाय ७२ फूट, साधारण २,६००. चौक ३३ बाय ४०, साधारण १,३००. मिळून ३,९०० चौरस फूट. उभ्याने खाणाऱ्याला आठ चौरस फूट दिले तर कोपर लागत नाही. ४३२ माणसांना साधारण ३,४५० लागतात, म्हणजे चालायला ४५० उरतात. हे पुरत नाही. ताट घेऊन निघालेल्याला वाट मिळणार नाही आणि नव्याने येणारा चौकाच्या तोंडाशीच अडेल.

म्हणून जागेबरोबर टोकनचाही बदल लागतो. टोकनवर आकडा आणि वेळ लिहा: ‘४७, ७:४०’. स्टॉलवर वर बांधलेल्या पाटीवर चालू आकडा खडूने मोठा लिहा. लाउडस्पीकरवरून आकडे ओरडू नका, चार स्टॉलचे आकडे एकमेकांत मिसळतात. ज्याला सात मिनिटं आहेत तो कडेच्या गल्लीत फिरून येतो. हा एक गट अंगणातून उठला की गाजलेल्या स्टॉलवर ७२ ऐवजी ५१ माणसं राहतात, मध्यमवर सव्वीस-एक. मिळून तीनशेच्या थोडी वर. त्यांना साधारण अडीच हजार चौरस फूट पुरतात आणि चालायला चौदाशेच्या आसपास उरतात. शिवाय टोकन घेऊन फिरणारा माणूसच साडीच्या स्टॉलवर थांबतो.

टोकनची ही युक्ती एका अटीवर चालते: लिहिलेल्या वेळेला पदार्थ तयार हवा. दोनदा वेळ चुकली की लोक काउंटर सोडत नाहीत, आणि मग टोकन असूनही गर्दी पहिल्यासारखीच. म्हणून वेळ लिहिताना दोन मिनिटं जास्त धरा.

चौकात चार फूट उंचीची, उभ्याने खायची टेबलं मांडा. खुर्च्या मोजक्याच, वीसएक, वयस्कर माणसांसाठी भिंतीच्या बाजूला. खुर्च्या भरपूर टाकल्या की खाणं संपलं तरी कुटुंब उठत नाही आणि १२ मिनिटांची २५ होतात. हे थोडं कठोर वाटेल, पण गर्दीच्या दोन तासांत हाच हिशेब लागू पडतो. दुपारी हव्या तेवढ्या खुर्च्या ठेवा.

टेबलांमधून पश्चिम-पूर्व दहा फुटांची वाट सोडा आणि ती जमिनीवर आखा. फक्कीची रेघ तासाभरात पायाने पुसली जाते. मातीचं मैदान असेल तर सहा इंची खिळ्यांना जाड सुतळी बांधून ती जमिनीला चिकटून ताणून ठोका, खिळ्यांची डोकी मातीत पूर्ण जाऊ द्या. फरशी असेल तर रंगीत चिकटपट्टी.

टोकाला खाणं ठेवलं तर सगळे सरळ तिकडेच जातील

ही शंका बरोबर आहे. दारातून आत आलं की मधली गल्ली समोर दिसते, शेवटी धूर दिसतो, वास येतो, आणि पावलं सरळ चालू लागतात. गाजलेले स्टॉल टोकाला ठेवण्याचा फायदा हा की सगळं मैदान ओलांडल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. तोटा हा की ओलांडणं एकाच गल्लीतून होतं.

दारापासून पंधरा-अठरा फुटांवर, बरोबर मधल्या गल्लीच्या रेषेत, मैदानाचा नकाशा असलेली आठ फूट रुंद हलकी पाटी उभी करा. लोक वाचायला थांबतात, आणि निम्मे डावीकडून, निम्मे उजवीकडून निघतात. पाटी दोन माणसांना उचलता येईल अशी असावी, जमिनीत गाडू नका. प्रसंग आला तर ती क्षणात बाजूला व्हायला हवी.

सोलकढी-खरवसवाले चौघं इथे उपयोगी पडतात. त्यांना गॅस लागत नाही आणि गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून त्यांना कडेच्या गल्ल्यांत, ओळीतल्या तिसऱ्या-चौथ्या जागेवर बसवा, उत्तरेला दोन आणि दक्षिणेला दोन. ओळीच्या टोकाला किंवा आडव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर नको. कोपऱ्याच्या स्टॉलला भाडं जास्त घ्यायची पद्धत आहे आणि ते भाडं देऊ शकतो तो बहुधा खाण्याचाच स्टॉल, त्यामुळे नेमका आडव्या रस्त्याच्या तोंडाशीच घोळका जमतो. कोपरा जास्त भाड्याने द्यायचाच असेल तर वस्तूंच्या स्टॉलला द्या.

जागांची सोडत काढत असाल तर हे सगळं सोडतीच्या आधी ठरवा. एकाच भांड्यातून ७२ चिठ्ठ्या काढल्या की कोंबडी-वडे दारापाशी येणार आणि मग बदल करायला गेलं की ‘माझ्या नशिबाची जागा’ म्हणून भांडण. भांडी चार ठेवा: गाजलेलं खाणं, मध्यम खाणं, सरबत-खरवस आणि वस्तू. प्रत्येकाची सोडत आपापल्या जागांमध्ये. गाजलेलं कोण हे ठरवायला अर्जात एकच प्रश्न पुरतो: मागच्या प्रदर्शनात एका संध्याकाळी किती ताटं गेली?

दुसरं दार नसेल तर

पूर्वेला दार काढता येत नसेल तर ही मांडणी करू नका. खाण्याच्या चार चुली मैदानाच्या बंद टोकाला आणि बाहेर पडायचा रस्ता एकच, हे चालणार नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत अडीचशेहून जास्त माणसं गेली. देवळाकडे जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही कडांना दुकानं, चेंगराचेंगरी आणि त्यात दुकानांना लागलेल्या आगीत फुटलेले सिलिंडर. मैदानावरचं प्रदर्शन डोंगरावरच्या यात्रेएवढं मोठं नसतं, पण अरुंद वाट, दुतर्फा गाळे आणि गॅस या तीन गोष्टी इथेही असतात.

एकच दार असेल तर खाणं मैदानाच्या मध्यावर, आडव्या रस्त्याच्या जागी चौक रुंद करून ठेवा आणि गाजलेले स्टॉल चारऐवजी दोनच घ्या. अग्निशमन दलाच्या ना-हरकत पत्रात गाडीच्या वाटेची जी रुंदी लिहिली असेल ती दारापासून चौकापर्यंत सलग मोकळी हवी. मंडपाच्या बांबूंचे तिरपे ताण-दोर हीच रुंदी खातात. नकाशात १३ फूट असलेली गल्ली दोरांमुळे प्रत्यक्षात दहा फुटांची होते. दोर ओळींच्या पाठच्या बाजूला बांधायला मंडपवाल्याला आधीच सांगा, स्टॉल उभे राहिल्यावर तो ऐकत नाही.

प्रदर्शन चालू आहे, पहिलाच दिवस संपला आणि उद्या तोच ताप

रात्री दहानंतर सगळा मंडप हलवता येत नाही. तीन गोष्टी मात्र एका रात्रीत होतात.

सगळ्यात गाजलेल्या स्टॉलच्या बरोबर समोरचे दोन स्टॉल रिकामे करून दुसरीकडे द्या. त्यामुळे समोर वीस बाय दहा फुटांचा खळगा मिळतो आणि खाणारे त्यात जातात. हलवायचं कुणाला हा वाद होतो, पण समोरच्या वस्तूंच्या स्टॉलची विक्री आदल्या संध्याकाळी बसलेलीच असते, त्यामुळे ते सहसा तयार होतात. त्यांना दारापाशी जागा द्या.

पैशाचं टेबल नव्वद अंशांत फिरवून स्टॉलच्या बाजूला न्या, म्हणजे रांग गल्लीला आडवी न जाता स्टॉलच्या ओळीला समांतर उभी राहते. शेजारच्या स्टॉलच्या तोंडावरून रांग जाणार असेल तर शेजारी भांडणार. तिथे सहा माणसांवर रांग तोडा आणि उरलेली समोरच्या खळग्यात उभी करा.

कचऱ्याचे डबे आणि हात धुवायची टाकी हलवा. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. डबा स्टॉलला लागून असला की खाऊन झालेला माणूस पत्रावळ टाकायला गर्दीतून उलटा परत येतो. डबे स्टॉलपासून तीस-चाळीस फुटांवर, बाहेर पडायच्या दिशेला ठेवा. टाकीखाली चिखल झाला की लोक त्या बाजूने चालायचं टाळतात आणि तेरा फुटांच्या गल्लीतले चार फूट आपोआप बाद होतात. टाकी ओळीच्या पाठीमागे न्या, खाली विटा आणि खडी पसरा, आणि पाणी वाहून जायला बोटभर खोल चर काढा.

गल्ली एकेरी करायचा मोह आवरा. ‘इकडून आत, तिकडून बाहेर’ तेव्हाच चालतं जेव्हा बाहेर पडायचं दार रिक्षा थांब्याच्या किंवा गाड्या लावायच्या जागेच्या बाजूला असतं. नसेल तर लोक आल्या वाटेनेच परत फिरतात, स्वयंसेवकाशी वाद घालतात, आणि त्या वादापाशी आणखी दहा जण थांबतात.

सुधारलं का, हे कसं कळेल?

साडेसातला एका स्वयंसेवकाला सामानाची हातगाडी घेऊन दारापासून चौकापर्यंत पाठवा आणि वेळ लावा. रिकाम्या मैदानात हे अंतर मिनिटाभराच्या आतबाहेर कापलं जातं. गर्दीत अडीच-तीन मिनिटं लागली तरी चालेल. पाचच्या वर गेलं, किंवा गाडीला दोनदा पूर्ण थांबावं लागलं, तर ती कुठे थांबली तिथेच दोष आहे. तिथे उभं राहून पुन्हा बघा: रांगेतला, टोकनवाला, खाणारा की नुसता बघणारा.

बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी नव्या जागी अडते, कारण स्टॉलवाल्यांनी टेबल दोन फूट पुढे ओढलेलं असतं, त्यापुढे लोणच्याच्या बरण्यांची पाटी आणि त्यापुढे स्टूल. समोरासमोर दोघांनी असं केलं की तेरा फुटांचे नऊही राहत नाहीत. तोंडी सांगून टेबल तासाभरापुरतंच मागे जातं. स्टॉलच्या पुढच्या दोन बांबूंमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा बांबू मंडपवाल्याकडून बांधून घ्या आणि टेबल त्याच्या आत ठेवायला लावा. जाड सुतळीच्या दोन गाठी मारल्या तर तो सहज निघत नाही. रोज सहाला गल्लीतून एक चक्कर मारून गाठी शाबूत आहेत का तेवढं बघायचं.